सोळा हजार कोटी गेले कुठे?

२० फेब्रुवारी २०१७ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या, म्हणजे टीसीएसच्या, संचालक मंडळाने एक निर्णय घेतला. भागधारकांकडून प्रत्येकी २,८५० रुपये दराने ५ कोटी ६१ लाखांच्या आसपास शेअर परत विकत घ्यायचे आणि त्यासाठी १६,००० कोटी रुपये मोजायचे. भारतात त्याआधी एवढी मोठी शेअर पुनर्खरेदी कोणी केली नव्हती. मे महिन्यात दोन आठवडे देकार खुला राहिला, शेअर आले, पैसे गेले. पुढच्या काही दिवसांत ते शेअर डिमॅट खात्यातून कायमचे पुसले गेले.

बातम्यांत चर्चा झाली ती भावाची आणि कोणाचे किती शेअर स्वीकारले जाणार याची. कंपनीच्या ताळेबंदात मात्र खरेदीसारखं काही घडलंच नव्हतं. यंत्र घेतलं की रोकड कमी होते आणि त्याजागी यंत्र उभं राहतं. जमीन घेतली तरी तसंच. इथे १६,००० कोटींची रोकड गेली आणि तिच्या बदल्यात मालमत्तेच्या बाजूला काहीही आलं नाही. मग ताळेबंद जुळला कसा? दुसऱ्या बाजूने, म्हणजे भागधारकांच्या नावे असलेल्या रकमेतून, तेवढेच पैसे वजा झाले म्हणून.

ही वजाबाकी कशी होते ते जरा सावकाश पाहू. टीसीएसच्या शेअरची दर्शनी किंमत १ रुपया. त्यामुळे ५.६१ कोटी शेअर रद्द झाले तेव्हा भागभांडवलातून गेले फक्त ५.६१ कोटी रुपये. उरलेले साधारण १५,९९४ कोटी शेअर प्रीमियमच्या खात्यातून आणि वर्षानुवर्षे साठलेल्या नफ्यातून वळते झाले. ‘कंपनीने आपलं भांडवल कमी केलं’ असं आपण म्हणतो, पण भांडवलाच्या ओळीवर नुसता ओरखडा उठतो. खाली येते ती गंगाजळी. त्यातही कायदा आणखी एक नोंद करायला लावतो. रद्द झालेल्या शेअरच्या दर्शनी किमतीएवढी रक्कम, इथे ५.६१ कोटी, मोकळ्या राखीव निधीतून काढून ‘कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह’ नावाच्या खात्यात बंद करून ठेवायची. तिच्यातून लाभांश देता येत नाही, फार तर बोनस शेअर देता येतात. भांडवल गेलं तरी धनकोंना दाखवायला तेवढी रक्कम कंपनीत अडकून राहावी, हा त्यामागचा हेतू. आकडा किरकोळ असतो, पण जुने वार्षिक अहवाल चाळताना हे खातं दिसलं की या कंपनीने कधीतरी आपले शेअर परत घेतले असावेत, असा सुगावा लागतो.

धनकोंची ही काळजी जुनी आहे. १८८७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एका खटल्यात कंपनीला स्वतःचे शेअर विकत घेण्यास मनाई केली. कर्ज देणारा भांडवलाकडे पाहून पैसे देतो, ते भांडवल मागच्या दाराने मालकांना परत मिळता कामा नये, असा तो विचार. आपल्या १९५६च्या कंपनी कायद्यात तोच आला. १९९८च्या अखेरीस वटहुकूम काढून दार उघडलं, पण किलकिलं. आजच्या कायद्यात भरणा झालेलं भांडवल आणि मोकळा राखीव निधी यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम पुनर्खरेदीवर खर्च करता येत नाही, नंतर कर्ज स्वनिधीच्या दुपटीवर जाता कामा नये, आणि घेतलेले शेअर सात दिवसांत नष्ट करावे लागतात. या शेवटच्या अटीकडे नंतर वळू.

आधी गुंतवणूकदारांना भुरळ घालणाऱ्या आकड्यांकडे. पुनर्खरेदीआधी टीसीएसचे १९७.०४ कोटी शेअर होते, नंतर १९१.४३ कोटी राहिले. मार्च २०१७ला संपलेल्या वर्षाचा निव्वळ नफा २६,२८९ कोटी. जुन्या संख्येने भागा, प्रतिशेअर कमाई येते १३३ रुपये ४० पैसे. नव्या संख्येने भागा, १३७ रुपये ३० पैसे. धंदा तोच, गिऱ्हाईक तेच, आणि कमाई जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढलेली! दलालांच्या अहवालांत हा हिशेब हमखास असतो.

त्यात एक गोष्ट सोयीने गाळलेली असते. ते १६,००० कोटी बँकेत आणि रोख्यांत नुसते पडून नव्हते, त्यांवर व्याज मिळत होतं. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला १,१२० कोटी. त्यातला एक तृतीयांश कर वजा केला तर साधारण ७५० कोटी. नफ्यातून हे ७५० कोटी उणे करून पुन्हा १९१.४३ कोटींनी भागून पाहा. उत्तर १३३ रुपये ४० पैशांच्या आसपासच येतं. तीन टक्के कुठल्या कुठे गेले.

हा योगायोगही नाही. २,८५० रुपयांच्या शेअरमागे १३३ रुपये कमाई, म्हणजे किमतीवर ४.७ टक्के. पैसे व्याजावर ठेवले असते तर कर जाऊन तेवढेच मिळत होते. शेअरमागची कमाई टक्केवारीत व्याजापेक्षा जास्त असेल तरच पुनर्खरेदीने प्रतिशेअर कमाई वाढते. शेअर महाग झाला की हा फरक आटतो, कधी उलटाही होतो. माझा व्याजदर ठोकताळ्याचा आहे, पण गणिताची दिशा त्याने बदलत नाही. अर्थात आजचा नफा हा सगळा हिशेब नव्हे. नफा पुढे वाढत गेला तर उरलेल्या शेअरचा वाटा वाढीव नफ्यात पडतो, व्याज मात्र आहे तिथेच राहतं. पण तो झाला भविष्याचा अंदाज, तो पुनर्खरेदीचा आपोआप मिळणारा लाभ म्हणून दाखवणं बरोबर नाही.

दुसरे दोन आकडे एकमेकांविरुद्ध दिशेला पळतात. टीसीएसचा स्वनिधी तेव्हा साधारण ८६,००० कोटी होता, म्हणजे शेअरमागे पुस्तकी मूल्य ४३६ रुपये. १६,००० कोटी वजा केल्यावर उरले ७०,००० कोटी, शेअरमागे ३६६ रुपये. पुस्तकी मूल्य घसरलं, कारण पुस्तकात ४३६ रुपयांचा असलेला शेअर कंपनीने २,८५० रुपये देऊन घेतला होता. स्वनिधीवरचा परतावा मात्र ३० टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर जातो, व्याज सोडूनसुद्धा. व्यवस्थापन अधिक कार्यक्षम झालं म्हणून तो वाढलेला नाही, भाजक लहान झाला म्हणून वाढला. परताव्याचा आलेख एका वर्षी एकदम उडी मारताना दिसला, तर आधी स्वनिधी खाली आला का ते पाहावं. ‘समभागातील बदलांचे विवरण’ नावाचं एक पान प्रत्येक वार्षिक अहवालात असतं आणि ते फारसं कोणी उघडत नाही. पुनर्खरेदीची रक्कम कुठल्या खात्यातून गेली ते तिथे ओळीने लिहिलेलं सापडतं.

आता ती सात दिवसांची अट. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ती नाही. तिथे कंपनी परत घेतलेले शेअर नष्ट न करता स्वतःकडे ठेवू शकते. त्यांना ट्रेझरी शेअर म्हणतात. या शेअरना मत नसतं, लाभांश मिळत नाही, प्रतिशेअर कमाई काढताना ते मोजले जात नाहीत. पुढे कर्मचाऱ्यांना देता येतात किंवा बाजारात पुन्हा विकता येतात. एवढी मोलाची वस्तू कंपनीजवळ आहे तर ती मालमत्ता का नाही, असा प्रश्न पडेल. पण स्वतः सही केलेली हुंडी स्वतःच्याच तिजोरीत ठेवली म्हणून कोणी श्रीमंत होत नाही. म्हणून ट्रेझरी शेअर मालमत्तेत दाखवत नाहीत. दिलेली किंमत स्वनिधीतून उणे करून दाखवतात आणि ती उणे रक्कम तिथे वर्षानुवर्षे राहते.

ती किती मोठी होऊ शकते ते मॅकडोनाल्ड्समध्ये दिसतं. २०१५ अखेर या कंपनीचा स्वनिधी ७ अब्ज डॉलरच्या वर होता. त्याच वर्षी तिने भागधारकांना द्यायची रक्कम वाढवली आणि तिच्यासाठी मोठं कर्ज काढलं. २०१६ अखेर स्वनिधी शून्याखाली गेला. २०२३ अखेर स्थिती अशी होती: साठलेला नफा ६३ अब्ज डॉलरच्या पुढे, ट्रेझरी शेअरपोटी उणे ७४ अब्जांच्या पुढे, आणि इतर रकमा धरून स्वनिधी उणे ४.७ अब्ज. काढलेल्या १६६ कोटी शेअरपैकी जवळपास ९४ कोटी कंपनीच्याच हातात होते.

दिवाळखोरीत जाणाऱ्या कंपनीचा ताळेबंदही असाच उणे असतो, पण मॅकडोनाल्ड्सला कर्ज मिळायला अडचण येत नाही, कारण भाडं आणि रॉयल्टीचे पैसे नियमित येतात. शिवाय जुन्या जागा पुस्तकात जुन्याच किमतीला आहेत. अशा कंपनीत स्वनिधीवरचा परतावा काढणं निरर्थक ठरतं. तिथे व्याज भरण्याइतकी रोकड धंद्यातून येते का, एवढंच पाहायचं. आपल्या कायद्याच्या २५ टक्के आणि दुप्पट कर्ज या मर्यादांमुळे भारतीय कंपनीला केवळ पुनर्खरेदी करून या टोकाला पोचणं जवळजवळ अशक्य आहे. ट्रेझरी शेअर हे शब्द आपल्याकडच्या अहवालांत दिसतात ते बहुधा कर्मचाऱ्यांसाठी नेमलेल्या ट्रस्टच्या संदर्भात. इन्फोसिसच्या अहवालात ते आढळतात. ट्रस्टकडचे शेअरही स्वनिधीतून आणि शेअरच्या संख्येतून वजाच होतात.

ट्रेझरी शेअरची आणखी एक खोड आहे. कंपनीने ते १०० रुपयांना घेऊन १३० ला विकले, तर ३० रुपये नफ्यात धरत नाहीत, ते सरळ भांडवली खात्यात जातात. तोट्यात विकले तरी नफा-तोटा पत्रकाला त्याची खबर नसते. स्वतःच्याच मालकांशी केलेल्या व्यवहारात धंद्याचा नफा-तोटा होत नाही, हे तत्त्व बरोबर आहे. पण त्यामुळे चुकीच्या भावाला केलेली पुनर्खरेदी कधीच ‘तोटा’ म्हणून छापली जात नाही.

बोइंगने २०१८ मध्ये ९ अब्ज डॉलर खर्चून २ कोटी ६१ लाख शेअर घेतले, सरासरी ३४५ डॉलरने. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ७३७ मॅक्सचा पहिला अपघात झाला, मार्च २०१९ मध्ये दुसरा. पुनर्खरेदी थांबली. विमानं जमिनीवर उभी राहिली, मग महासाथ आली आणि कर्जाचा डोंगर झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पैशांसाठी बोइंगला सव्वाअकरा कोटी शेअर १४३ डॉलरने विकावे लागले. खजिन्यातले जुने शेअर बरेच स्वस्तात घेतलेले असल्यामुळे पुस्तकी सरासरीच्या हिशेबाने हा व्यवहार वाईट दिसला नाही. २०१८ मध्ये शेअर देऊन बाहेर पडलेल्यांना मात्र ३४५ डॉलर मिळाले होते, आणि ते पैसे मागे राहिलेल्यांच्या वाट्यातून गेले होते. त्या दोन दरांमधल्या फरकाची ओळ बोइंगच्या कुठल्याही वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात नाही. तो काढायचा तर दोन्ही वर्षांच्या स्वनिधीच्या टिपा शेजारी ठेवून आपणच वजाबाकी करावी लागते.