टेलरअण्णांचा निरोप घेताना

बदली झाली की आपण यादी करतो. गॅसचं कनेक्शन, मुलांचे शाळेचे दाखले, बँकेतला पत्ता. त्या यादीत शिंप्याचं नाव सहसा नसतं.

माझ्या ताईच्या यादीतही ते नव्हतं. भावोजींची चेन्नईहून पुण्याला बदली झाली, तेव्हा मी तिच्या मदतीला गेले होते. कपाट आवरताना कांजीवरम साडीवरचा ब्लाऊज हातात घेऊन ती थबकली. "अगं, आता माझे ब्लाऊज कोण शिवणार?"

सात वर्षं तिचे ब्लाऊज मैलापूरच्या कपालीश्वराच्या तळ्याजवळच्या गल्लीतले टेलरअण्णा शिवत होते. पहिल्याच भेटीत त्यांनी तिच्याकडे 'अळवु जॅकेट' मागितलं होतं. चेन्नईच्या उकाड्यात जॅकेट कशाला, असं तिला वाटलं. मग कळलं, तिथे ब्लाऊजलाच जॅकेट म्हणतात आणि अळवु म्हणजे माप.

आम्ही गेलो तेव्हा आडी महिना चालू होता. साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच्या या तमिळ महिन्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे अण्णांना बोलायला सवड होती. दिवाळीच्या तोंडावर गेलो असतो, तर त्यांनी मशीनवरून मानही वर केली नसती.

ताईने आधी हिशेब मिटवला आणि न कापलेली दोन कापडं परत घेतली. मग म्हणाली, "अण्णा, माझी मापं लिहून द्या ना."

अण्णांनी वही काढली. छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीची लांबी, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा. आकड्यांच्या बाजूला तमिळमध्ये काहीतरी खरडलेलं होतं. "हे काय?" ताईने विचारलं. अण्णा जरा संकोचले. "अम्मा, उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे."

लहानपणी झाडावरून पडून ताईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. खांदा तेव्हापासून उतरलेला, पण तिच्याही ते ध्यानात नव्हतं. अण्णा मात्र सात वर्षं तो खांदा अर्धा इंच उतरवूनच कापत होते. "कधी बोलला नाहीत?" "सांगून काय करायचं, अम्मा? कापताना लक्षात ठेवलं की झालं."

नुसते आकडे नेऊन भागत नाही, ते इथे कळलं. मापाचा ब्लाऊज द्यावा, तर तोही फसवतो. रोजच्या वापराने मुंढा आणि गळा ताणले जातात आणि नवा शिंपी ते ताणलेलं मापच खरं धरतो. म्हणून सध्या नीट बसणारा, दोन-तीनदा धुतलेला, पण फार न वापरलेला सुती ब्लाऊज द्यावा.

अण्णांनी त्यासोबत खाकी कागदाचे साचे कापून दिले. एरवी अर्ध्या भागाचा साचा पुरतो, पण ताईचे खांदे असमान, म्हणून डावा आणि उजवा वेगळा. प्रत्येकावर 'वरची बाजू' असंही लिहायला लावलं. कागद उलटा पडला, तर डावाच खांदा उतरेल!

शेवटी त्यांनी बजावलं, "शिलाईची जागा यात धरली आहे, हे लिहा." बाजूच्या शिलाईला त्यांनी एकेक इंच कापड सोडलं होतं. नव्या शिंप्याने न विचारता आणखी इंच वाढवला, तर पुढच्या आणि मागच्या भागाच्या मिळून चार कडांना चार इंच वाढतील आणि ब्लाऊज छातीत तेवढा ढगळ होईल.

पुण्यात ताईने नव्या टेलरकडे पहिल्यांदा स्वस्त सुती कापड दिलं, कांजीवरम नाही. अस्तरही आधी भिजवून वाळवून दिलं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटून ब्लाऊजला चुण्या पडतात. खांदे बरोबर बसले, मुंढा मात्र काखेत काचत होता. टेलरने मुंढा पाव इंच खाली कोरला आणि ती दुरुस्ती ताईने साच्यावरही करून घेतली. कांजीवरमचं कापड त्यानंतर दिलं.

अण्णांच्या दुकानातून निघताना ताईने त्यांच्या हातात मिठाईचा डबा ठेवला. मोडक्या तमिळमध्ये "पोरेन", म्हणजे "जाते", असं म्हणताच त्यांनी तिला अडवलं. "तसं नाही म्हणायचं, अम्मा. पोयिट्टु वरेन म्हणा. जाऊन येते."

ताई हसली. "आमच्याकडेही जाते म्हणत नाहीत, अण्णा. येते म्हणतात." आणि मराठीतच म्हणाली, "येते हं!"