साखर वाढवत नेली तर वेग कुठे थांबतो?

उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करणारे इन्व्हर्टेज नावाचे एक एन्झाइम आहे. लिओनोर मिकाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी बर्लिनमध्ये त्यावर केलेले काम 1913 साली प्रसिद्ध झाले. एन्झाइम तेवढेच ठेवून साखर वाढवत नेली, तर विघटनाचा वेग कसा वाढतो? त्यांच्या सूत्रात सोयीचे आकडे घालून पाहू. इथे x म्हणजे साखरेचे प्रमाण:

वेग = 100x/(10 + x)

x = 10 असताना वेग 50 येतो, 90 ला 90 आणि 990 ला 99. साखर अकरा पट वाढवून वेग जेमतेम नऊने वाढला! x असाच अमर्याद वाढू दिला, तर अंशही अनंताकडे जातो आणि छेदही. ‘अनंत भागिले अनंत’ यातून काहीच कळत नाही. म्हणून छेदातल्या x च्या सर्वांत मोठ्या घाताने दोन्हींना भागायचे. इथे तो x च आहे:

100/(10/x + 1)

आता 10/x झिजत शून्याकडे जातो, आणि सीमा उरते 100. अंशात आणि छेदात सर्वांत मोठा घात सारखाच असला, की त्यांच्या सहगुणकांचा भागाकार हीच सीमा. रसायनाच्या बाजूने पाहिले तर एन्झाइमचा जवळजवळ प्रत्येक रेणू कामात गुंतलेला आहे; आणखी साखर आली तरी तिला हात लावायला कोणी मोकळे नाही.

अंशात x² असता, तर वेग कुठल्याही आकड्यापलीकडे गेला असता. ठराविक एन्झाइमकडून हे होणे नाही, त्यामुळे असे सूत्र दिसले तर खुशाल शंका घ्यावी.

छेदाचा घात मोठा असणे मात्र प्रत्यक्षात घडते. काही एन्झाइमांचे काम, ज्या पदार्थावर ते चालते तोच फार झाला, की अडू लागते. तेव्हा छेदात आणखी एक पद येते:

100x/(10 + x + x²/1000)

नवे पद किरकोळ दिसते. x = 10 असताना ते छेदात फक्त 0.1 ची भर घालते, वेग 50 च्या किंचित खाली. x = 100 ला वेग सुमारे 83, आणि हाच त्याचा कळस. 1000 ला तो पुन्हा 50 च्या आसपास येतो, 10,000 ला अवघा 9. वरखाली x² ने भागले, की अंशात 100/x उरतो, तो शून्याकडे जातो. छेद मात्र 1/1000 वर स्थिरावतो. म्हणजे सीमा शून्य. सहगुणक कितीही लहान असो, तो शून्य नसला की शेवटी मोठा घातच जिंकतो.

पण ‘शेवटी’ म्हणजे कधी, ते घातांच्या तुलनेतून कळत नाही. x = 100 पर्यंतच मोजमाप करणाऱ्याला वेग चढतानाच दिसेल. तो पहिलेच सूत्र बसवेल आणि शंभराच्या आसपासची सीमा लिहून मोकळा होईल.