नेट मीटर अडला, तर तक्रारीत काय लिहाल?

छतावर सोलर बसतो, ठेकेदार इन्व्हर्टर सुरू करून दाखवतो आणि ‘प्लांट चालू झाला’ म्हणून निघून जातो. नेट मीटर मात्र येत नाही. जुन्याच मीटरवर प्लांट चालू ठेवला तर बिल वाढू शकतं, कारण अनेक साधे इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापरात धरतात. म्हणून तो बंद ठेवावा लागतो आणि लाखाच्या वर घातलेला पैसा उन्हात पडून राहतो. सूर्यघर योजनेचं अनुदानही नेट मीटर लागल्याशिवाय मिळत नाही.

अशा वेळी बहुतेक जण ‘प्लांट सुरू होऊन दोन महिने झाले’ असं लिहितात. तक्रार तिथेच कच्ची राहते. कंपनीची मुदत इन्व्हर्टर सुरू झाल्यापासून नाही, तर काम पूर्ण झाल्याचा दाखला तिच्याकडे दिल्यापासून मोजली जाते. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत 2024 साली झालेल्या दुरुस्तीनुसार त्यानंतर 15 दिवसांत करार, मीटर आणि जोडणी पूर्ण व्हायला हवी. पत्र या तारखेवर उभं करा.

समजा, साताऱ्यातल्या एका घरी 3 किलोवॅटचा प्लांट आहे. दाखला 3 मार्चला दिला, म्हणजे मुदत 18 मार्चला संपली. 20 एप्रिलच्या पत्रातला मुख्य परिच्छेद असा असेल:

‘माझा ग्राहक क्रमांक व सोलर अर्ज क्रमांक वर दिला आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला 3 मार्च रोजी दिला असून पोच सोबत जोडली आहे. मुदत संपून 33 दिवस झाले, तरी नेट मीटर बसलेला नाही. विलंबाचं कारण लेखी कळवावं, मीटर त्वरित बसवावा आणि नियमानुसार भरपाई बिलात जमा करावी.’

सबळ कारणाशिवाय उशीर झाल्यास भरपाई दिवसाला किमान 500 रुपये असावी, असं हेच नियम सांगतात. नेमका दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. किमान दरानेही 33 दिवसांचे 16,500 रुपये होतात. बुडालेली वीज वेगळी मांडा. किलोवॅटमागे रोज साधारण 4 युनिट धरले, तर 396 युनिट झाले. हा अंदाज आहे, हेही पत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर त्या एका आकड्यावरून सगळं पत्र खोडलं जाईल.

लेखी कारण मागण्याचा आग्रह सोडू नका. ‘मीटर शिल्लक नाही’ असं उत्तर आलं, तर अडचण कंपनीची आहे. पण तुमच्या अर्जावरचं नाव बिलाशी जुळत नसेल किंवा ठेकेदाराने मीटरचा तपासणी अहवाल दिलाच नसेल, तर दिवस तुमच्याच खात्यावर धरले जातील. तोंडी बोलण्यात ही गोष्ट कधीच बाहेर येत नाही आणि ठेकेदार व कार्यालय एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

पत्र उपविभागाच्या आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. दाद लागली नाही, तर महाराष्ट्रात ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. मंचाचा निकाल पटला नाही, तर पुढे विद्युत लोकपाल आहेत. दोन्हीकडे पहिल्यांदा विचारली जाईल ती हीच शिक्क्याची प्रत.