बाकी खरी, पण वाद आधीचा होता का?

विरार-वसईच्या पट्ट्यात, वालिव, सातिवली, गोखिवरेच्या गाळ्यांतून बराचसा माल उधारीवर जातो. बिल थकले की पुरवठादार म्हणतो, "आता एनसीएलटीतच जाऊ." मात्र राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, येणे आहे एवढे सांगून भागत नाही. मालाचे किंवा सेवेचे पैसे थकलेल्या धनकोला त्याच्या बाकीवर आधीपासून खरा वाद नव्हता, या कसोटीलाही उतरावे लागते. ही कसोटी ठरली ती मुंबईच्याच एका प्रकरणात.

'नच बलिये' या कार्यक्रमाच्या प्रेक्षक-मतदानाचे काम स्टार टीव्हीने मोबिलॉक्स कंपनीकडे दिले होते आणि मोबिलॉक्सने त्यातला काही भाग किरुसा कंपनीकडे सोपवला. किरुसाने डिसेंबर 2013 ते नोव्हेंबर 2014 या काळात बिले लावली. 30 जानेवारी 2015 रोजी मोबिलॉक्सने कळवले की, किरुसाने या कामाचा उल्लेख स्वतःच्या संकेतस्थळावर करून गोपनीयतेचा करार मोडला आहे, म्हणून पैसे रोखले आहेत. पुढे 23 डिसेंबर 2016 रोजी किरुसाने नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम 8 नुसार मागणी नोटीस धाडली. चार दिवसांत 'वाद आहे' असे उत्तर आले. मुंबई एनसीएलटीने अर्ज फेटाळला, अपिलात किरुसाच्या बाजूने निकाल लागला आणि 21 सप्टेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबिलॉक्सची बाजू उचलून धरली. निर्णय फिरला तो जानेवारी 2015 च्या त्या पत्रामुळे, कारण ते नोटिशीच्या जवळजवळ दोन वर्षे आधीचे होते.

न्यायालयाने तपासायचे मुद्दे तीनच ठेवले. कायद्याने ठरवलेल्या किमान रकमेइतके कर्ज आहे का? ते देय झाले आणि दिले गेले नाही, हे कागदांवरून दिसते का? आणि नोटीस मिळण्यापूर्वी वाद, दावा किंवा लवाद चालू होता का? वाद शेवटी कोण जिंकेल हे इथे पाहायचे नाही. तो पोकळ, बनावट नाही, त्याला काही आधार आहे, एवढे दिसले की अर्ज फेटाळला जातो.

आता विरारच्या एका पुरवठादाराचे उदाहरण घेऊ. समजा, त्याने एका कंपनीला 1 कोटी 20 लाखांचे पॅकिंग साहित्य पुरवले. किमान मर्यादा मार्च 2020 पासून 1 लाखावरून 1 कोटी झाली आहे, त्यामुळे तो पात्र ठरतो. त्याने परचेस ऑर्डर, ग्राहकाच्या सही-शिक्क्याचे डिलिव्हरी चलन, बिले, खातेउतारा आणि बाकी मान्य करणारा ईमेल जोडावा. जीएसटीत नोंदणी असेल तर जीएसटीआर-1, जीएसटीआर-3बी यांचे उतारे आणि लागू असेल तिथे ई-वे बिलही जोडावे लागते. बिलावर पैसे देण्याची मुदत लिहिलेली असेल, तर थकबाकीची तारीख ठरवताना घोळ होत नाही.

नोटीस पोहोचल्यावर ग्राहकाला दहा दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत आणि वादाची सूचनाही आली नाही, तर कलम 9 खाली फॉर्म 5 मध्ये अर्ज करता येतो. त्यासोबत, वादाची सूचना आलेली नाही, असे शपथपत्र लागते. आता ग्राहकाने "माल निकृष्ट निघाला" असे नोटिशीनंतर पहिल्यांदाच लिहिले असेल, तर त्या म्हणण्यामागे आधीचा कागद शोधला जाईल. पण सहा महिन्यांपूर्वीचा तक्रारीचा ईमेल, परत पाठवलेल्या मालाचे चलन किंवा तपासणी अहवाल निघाला, तर हा अर्ज टिकणे कठीण. म्हणून वकिलाला भेटण्यापूर्वी आपल्याच फाइलमध्ये असे कागद शोधावेत. ते दडवले तरी समोरचा ते हजर करतोच.

आणखी तीन ठिकाणी अर्ज अडकतात. थकबाकीपासून तीन वर्षांच्या आत अर्ज हवा, मात्र त्या मुदतीत ग्राहकाने लेखी कबुली दिली असेल तर मुदत वाढते. 25 मार्च 2020 पासून वर्षभरात झालेल्या थकबाकीवर असा अर्ज कधीच करता येत नाही. शिवाय देणेकरी कंपनी किंवा एलएलपी असावी लागते. साध्या प्रोप्रायटरवर हा मार्ग चालत नाही. खंडपीठ ठरते देणेकऱ्याच्या नोंदणीकृत कार्यालयावरून, आपल्या गाळ्यावरून नाही. ते महाराष्ट्रात असेल तर मुंबईला जायचे, गुजरातेत असेल तर अहमदाबादला.

हा वसुलीचा दावाही नाही. अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीचे कामकाज संचालकांकडून अंतरिम व्यावसायिकाकडे जाते, वसुलीचे दावे थांबतात आणि मालाचा धनको वाटपाच्या रांगेत बँकांच्या मागे उभा राहतो. बाकी निर्विवाद, कागद पूर्ण आणि देणेकरी खरोखर डबघाईला आलेला असेल, तरच कलम 9 वापरावे. वादाची पत्रे हाती असतील, तर दिवाणी दावा किंवा लवाद हाच योग्य रस्ता आहे.