पिंग कुठे अडतो?

"मामा, नेट फास्ट आहे, तरी गेम अडकतोय," भाच्याची ही तक्रार मी गेल्या मे महिन्यात डोंबिवलीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ऐकली. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, स्पीड टेस्टमध्ये आकडाही बरोबर. तरी बीजीएमआयमध्ये ऐन लढाईत समोरचा माणूस एकदम दहा पावलं सरकलेला दिसायचा.

गेमला वेग फारसा लागतच नाही. तुम्ही कुठे आहात, कुठे नेम धरलाय, एवढंच सेकंदाला कित्येकदा जातं-येतं. एक एमबीपीएससुद्धा पुरून उरतो. त्याला हवी असते वेळेवर पोच. पिंग सतत ६० मिलिसेकंद असला तर हाताला त्याची सवय होते. तो २० वरून २५० वर उडी मारून परत आला की घात होतो. म्हणून सरासरीपेक्षा ही उडी पाहायची.

आधी दोष घरात आहे की बाहेर, ते ठरवायला हवं. भाच्याच्या खोलीत लॅपटॉप उघडून मी ही कमांड दिली:

```
ping -n 100 192.168.1.1
```

हा त्यांच्या राउटरचा पत्ता. तुमचा वेगळा असू शकतो. राउटर दोन भिंतींपलीकडे हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. उत्तरं आली ३, ४, ३, १८०, ५, २४०... रात्रीचे नऊ वाजले होते. घरातल्या घरात, इंटरनेटपर्यंत पोचायच्या आधीच पाव सेकंद गेला, म्हणजे कंपनीला फोन करण्यात अर्थ नव्हता.

लॅपटॉप आणि फोन दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर होते. या बँडवर चॅनेल १ ते १३ दिसतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात; एकमेकांत न मिसळणारे तीनच धरतात, १, ६ आणि ११. वाय-फायचा नियम असा, की हवेत दुसरं कोणी बोलत असेल तर थांबायचं. वर-खाली, शेजारी मिळून वीसेक राउटर या तीन चॅनेलवर कोंबले, की प्रत्येकाला थांबावं लागतं. त्यात ब्लूटूथ इअरफोन याच पट्ट्यात आणि मायक्रोवेव्हही. जेवण गरम करायची आणि गेम खेळायची वेळ आपल्याकडे एकच असते!

राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं होतं. कोणत्या बँडवर बसायचं हे अशा वेळी फोन आणि राउटर आपसात ठरवतात आणि बऱ्याचदा जोरदार दिसणारा २.४ निवडतात. आम्ही नावं वेगळी केली, ५ गिगाहर्ट्झला चॅनेल ४४ दिला आणि पुन्हा शंभर पिंग पाठवले. सगळे २ ते ९ मिलिसेकंदांत. ५२ ते १४४ हे चॅनेल मी मुद्दाम टाळले. तिथे रडार जाणवलं तर राउटरला चॅनेल सोडून पळावं लागतं, आणि गेम तुटतो.

पण ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत लवकर विरतात. स्वयंपाकघरापलीकडच्या बाल्कनीत, तिसऱ्या भिंतीमागे, तोच बँड अडखळायला लागला. तिथे २.४ बरा ठरला. तेव्हा दोन भिंतींच्या आत ५, त्यापुढे मोजून पाहायचं. राउटर टीव्हीमागून काढून उघड्यावर ठेवला तर हे अंतर थोडं वाढतं. केबल ओढता आली तर हा वादच मिटतो.

गणपतीत भाचा चिपळूणजवळच्या गावी गेला आणि तिथून फोन आला, "मामा, इथे फाइव्ह-जी दिसतंय, पण पिंग नाचतोय." चिन्ह कधी फाइव्ह-जी, कधी फोर-जी होत होतं. भारतात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं आणि त्याचा मोठा भार ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर आहे. तो टॉवरपासून फार लांब पोचत नाही. शिवाय काही जाळ्यांत फोन मुळात फोर-जीलाच बांधलेला असतो आणि फाइव्ह-जी वरून जोडलं जातं. काठावरच्या घरात ते सतत जोडलं जातं, तुटतं, आणि प्रत्येक वेळी गेमला झटका बसतो. सिग्नलच्या काड्या फसवतात, कारण त्या टॉवरचा आवाज दाखवतात. फोनचा क्षीण आवाज टॉवरपर्यंत पोचतो का, हे त्यांतून कळत नाही.

त्याला सांगितलं, सेटिंगमध्ये Preferred network type उघड आणि LTE कर. (काही फोनमध्ये नाव वेगळं असतं.) पिंग ५५ वर आला आणि तिथेच राहिला. फाइव्ह-जीवर अधूनमधून २८ दिसायचा, पण मधूनच ३०० व्हायचा.

डोंबिवलीत मात्र उलटं. स्टेशनजवळ संध्याकाळी फोर-जीवर गर्दी, आणि फाइव्ह-जीचा टॉवर समोरच. तिथे फाइव्ह-जीच ठेवावं. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर मात्र जाऊन-येऊन पन्नास-साठ मिलिसेकंद लागणारच, बँड कोणताही घ्या.

गावाहून परतल्यावर LTE बदलायला भाचा आठवडाभर विसरला होता. तुम्हीही सुट्टीत सेटिंग बदललीत, तर परतल्यावर ती आठवणीने पूर्ववत करा.