मजकूर आपलाच, तरी सांगावं लागतं

पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी तो तपासणीसाठी ग्रंथालयात द्यावा लागतो. ग्रंथपाल फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकतात आणि थोड्या वेळानं रंगीत पट्ट्यांचा अहवाल हातात पडतो. कुठलं वाक्य कुठल्या जुन्या मजकुराशी जुळतं ते त्यात दिसतं आणि वर ठळक अक्षरांत टक्केवारी असते. ज्यानं उचलेगिरी केली आहे त्याला त्यात काय निघणार याची कल्पना असतेच. गडबडून जातो तो प्रामाणिक विद्यार्थी. कुणाचं काही घेतलेलं नसताना आकडा फुगलेला, आणि मजकूर कुठून आला त्या रकान्यात त्याचाच छापून आलेला शोधनिबंध.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीनं कांदाचाळीत होणाऱ्या नासाडीवर संशोधन केलं. प्रबंध इंग्रजीत, 60,000 शब्दांचा. मधल्या काळात तिचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले, प्रत्येकी साधारण 4,500 शब्दांचे, आणि प्रबंधाच्या तिसऱ्या-चौथ्या प्रकरणांत ते जवळजवळ जसेच्या तसे आले. अहवालात आकडा येतो 19 टक्के. त्यातले 15 टक्के तिच्याच दोन निबंधांचे, उरलेले 4 टक्के इकडचे-तिकडचे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. 10 ते 40 च्या मध्ये असेल तर ठरवून दिलेल्या, जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत प्रबंध सुधारून द्यायचा. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि 60 च्या वर गेला तर नोंदणीच रद्द. म्हणजे ही मुलगी दुसऱ्या गटात अडकली.

आता यातली विसंगती पाहा. 2016 च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असणं सक्तीचं होतं. 2022 च्या नियमांनी ती सक्ती काढली, पण आधी निबंध छापून आणायचा हा रिवाज अनेक विभागांत अजून आहे. आधी छापायला सांगायचं आणि मग छापलेलं प्रबंधात दिसलं की लाल पट्टी मारायची! सॉफ्टवेअरला दोष देऊन उपयोग नाही. ते शब्द जुळवतं, लेखक कोण आणि त्यानं कबुली दिली आहे का, हे तपासणं त्याचं काम नाही.

ते काम माणसाचं आहे, आणि नियमांत त्यासाठी वाट ठेवलेली आहे. योग्य श्रेय देऊन किंवा परवानगी घेऊन उद्धृत केलेला मजकूर साम्याच्या मोजणीतून वगळावा, असं 2018 चे नियमच सांगतात. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची नावं, प्रमाणित समीकरणंही वगळली जातात. याच आधारावर अनेक विद्यापीठांत मार्गदर्शकाच्या सहीचं पत्र घेतात: अमुक दोन शोधनिबंध याच प्रबंधाच्या कामातून निघाले आहेत, ते या विद्यार्थिनीचेच आहेत आणि प्रबंधात त्यांचा उल्लेख आहे. सोबत निबंधांच्या प्रती जोडतात. ग्रंथपाल ते दोन स्रोत वगळून तपासणी पुन्हा चालवतात आणि आकडा 4 वर येतो. शहाणा विद्यार्थी दोन्ही अहवाल जपून ठेवतो, वगळण्याआधीचा आणि नंतरचा. मौखिक परीक्षेत कुणी विचारलंच तर दाखवता येतात.

अहवालात स्वतःचं नाव येण्याचं आणखी एक कारण असतं आणि ते अगदीच क्षुल्लक आहे. सहा महिन्यांपूर्वी ‘जरा बघू तरी’ म्हणून कुणाकडून तरी मसुदा तपासून घेतलेला असतो, आणि तपासणाऱ्यानं तो सॉफ्टवेअरच्या साठ्यात तसाच राहू दिलेला असतो. मग अंतिम प्रबंध स्वतःच्याच मसुद्याशी जुळतो आणि आकडा नव्वदीच्या घरात जातो. कच्चा मसुदा तपासायला देताना तो साठवू नये, असं आधीच सांगितलेलं बरं.

खरा घोटाळा होतो तो आकडा पाहून हातपाय गाळल्यावर. वाक्यं फिरवायला बसतात. कर्तरीचं कर्मणी करतात, समानार्थी शब्द घालतात, कुणी हे काम पैसे देऊन करून घेतात. आकडा खाली येतोही. पण यूजीसीनं एप्रिल 2020 मध्ये स्वतःच्या मजकुराच्या पुनर्वापराबद्दल जी सूचना काढली, तिच्यात आपलंच आधी प्रसिद्ध झालेलं लेखन संदर्भ न देता शब्द बदलून पुन्हा मांडणं हे स्पष्टपणे गैर म्हटलं आहे. छापलेला निबंध पुन्हा छापणं, त्यातलाच तुकडा वेगळा निबंध म्हणून देणं, तीच आकडेवारी न सांगता पुन्हा वापरणं आणि एका मोठ्या अभ्यासाचे बारीक भाग करून प्रत्येक नवा म्हणून खपवणं, हेही त्याच यादीत आहे. सगळीकडे अट एकच: पुरेसा संदर्भ न देता. म्हणजे लाल पट्टी दिसणारा पण कबुली दिलेला परिच्छेद निर्दोष ठरतो, आणि पट्टी न दिसणारा फिरवलेला परिच्छेद दोषी. शिवाय फिरवाफिरवीत शास्त्रीय संज्ञांचा बळी जातो तो वेगळाच. फ्रान्समधल्या गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये असे निबंध शोधून काढले, ज्यांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ झालं होतं.

मग कबुली द्यायची कशी? ‘या प्रबंधातील काही भाग पूर्वी प्रसिद्ध झाला आहे’ हे वाक्य अनेक प्रबंधांत ऋणनिर्देशाच्या शेपटीला लटकलेलं असतं. ते निरुपयोगी आहे. कुठला भाग, कुठे, किती, यातलं काहीच वाचकाला कळत नाही. आपल्या विद्यार्थिनीनं चौथ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर असं लिहावं: ‘या प्रकरणातील 4.2 ते 4.5 हे विभाग माझ्या अमुक शोधनिबंधावर आधारित असून (नियतकालिक, वर्ष, डीओआय) त्यातील मजकूर थोड्या बदलांसह येथे घेतला आहे. तक्ता 4.3 व विभाग 4.6 नवीन आहेत. त्या निबंधाचे सहलेखक अमुक असून मोजणी व विश्लेषण मी केले आहे.’ यातला शेवटचा भाग लोक हमखास विसरतात. निबंध तिघांचा असेल तर त्यातला मजकूर ‘स्वतःचा’ किती, हा प्रश्न उरतोच. प्रयोगशाळेतल्या सिनियरनं लिहिलेला पद्धतीचा परिच्छेद आपलं नाव त्या निबंधावर होतं एवढ्या बळावर आपला होत नाही.

प्रकाशकाचे हक्क हाही भाग आहे, पण त्याची धास्ती वाटते तेवढी नसते. बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाला स्वतःचा निबंध प्रबंधात वापरू देतात. अटी मात्र वेगवेगळ्या. आयईईईला ठरलेल्या शब्दांत हक्काची ओळ हवी असते, आणि प्रबंध इंटरनेटवर जाणार असेल तर छापील पानाऐवजी स्वीकृत हस्तलिखित वापरायला ते सांगतात. आपल्याकडचे प्रबंध शोधगंगेवर जातात, त्यामुळे ही अट आपल्याला लागू होते.

आता उलट्या दिशेनं पाहू. पदवी मिळाली, प्रबंध शोधगंगेवर चढला, आणि आता पाचव्या प्रकरणातून तिसरा निबंध काढायचा आहे. नियतकालिकाच्या संपादकाकडच्या तपासणीत प्रबंध जुळणारच. एल्सेव्हियर किंवा स्प्रिंगर नेचरसारखे प्रकाशक प्रबंधाला ‘आधीचं प्रकाशन’ मानत नाहीत, पण ते त्यांना आपण होऊन सांगायचं असतं. संपादकाला लिहायच्या पत्रात दोन ओळी पुरतात: हा निबंध माझ्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणावर आधारित आहे, त्याचा दुवा हा, आणि पहिल्या दोन निबंधांशी याचा संबंध असा. तेच निबंधातही नोंदवायचं.

निबंधाचे सगळे भाग मात्र सारखे नसतात. चाळीची लांबी-रुंदी, तापमान आणि आर्द्रता कशी मोजली, सडलेला कांदा कुठल्या निकषावर वेगळा काढला, हे वर्णन तिन्ही निबंधांत सारखंच राहणार. ते मुद्दाम वेगळ्या शब्दांत लिहिलं तर पद्धत बदलली की काय, अशी वाचकाला शंका येते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या केरी मॉस्कोविट्झ यांच्या पुढाकारानं या विषयावर मोठा प्रकल्प झाला. पद्धतीच्या वर्णनात ठरावीक मजकूर पुन्हा येणं अनेकदा योग्यच असतं, अशीच त्यांचीही भूमिका आहे. फक्त मूळ निबंधाचा संदर्भ द्यावा आणि बदललं असेल ते सांगावं. निष्कर्षांना आणि आकडेवारीला ही सवलत नाही.

का नाही, ते औषधांच्या क्षेत्रातल्या एका प्रकरणावरून कळतं. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर ओन्डॅन्सेट्रॉन नावाचं औषध देतात. मार्टिन ट्रामेर आणि सहकाऱ्यांनी त्याच्यावरच्या चाचण्यांचे निबंध गोळा केले, तेव्हा काही चाचण्या कुठेही न सांगता दुसऱ्यांदा छापलेल्या आढळल्या. लेखकांची नावं बदललेली, मांडणी बदललेली, रुग्ण मात्र तेच. रुग्णांची 28 टक्के माहिती दुबार होती. आणि ज्या चाचण्यांत औषधाचा गुण जास्त दिसला होता, त्याच जास्त करून दुबार छापल्या गेल्या होत्या. सगळे निबंध वेगळे समजून एकत्र केले तर औषधाची परिणामकारकता 23 टक्क्यांनी फुगत होती. हा अभ्यास 1997 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. कांद्याचंही तेच होईल. पहिल्या हंगामातल्या 12 चाळींचे आकडे तिसऱ्या निबंधात न सांगता पुन्हा आले, तर उद्या कुणी सगळे अभ्यास एकत्र करताना 24 चाळी धरील.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांना एक वेगळा सापळा आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर सॉफ्टवेअरला रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खिचडीसारखा दिसतो. अहवाल 2 टक्के सांगतो आणि सगळे निर्धास्त होतात. दिवाळी अंकात छापून आलेला आपला लेख दुसऱ्या प्रकरणात जसाच्या तसा असेल, तरी तो पकडला जात नाही. तिथेही प्रकरणाच्या पहिल्या पानावर तीच नोंद लागते.

मराठीत प्रबंधाचं पुस्तक करण्याची परंपरा आहे आणि त्यात गैर काही नाही. विद्यापीठाच्या नियमांत प्रबंधाच्या हक्काबद्दल काय लिहिलं आहे ते पाहून घ्यावं आणि कुठल्या वर्षीच्या, कुठल्या विद्यापीठाच्या प्रबंधाचं हे रूप आहे, काय गाळलं आणि काय नव्यानं लिहिलं, ते प्रस्तावनेत सांगावं. गोची होते ती नोकरीच्या किंवा बढतीच्या अर्जात, जिथे तेच काम प्रबंध, तीन निबंध आणि एक पुस्तक अशा पाच ओळींत गुण मागत उभं राहतं. 2020 च्या सूचनेनं कुलगुरूंना आणि निवड समित्यांना नेमकं हेच तपासायला सांगितलं आहे. अर्जात पुस्तकाच्या नावापुढे ‘पीएच.डी. प्रबंधावर आधारित’ हे शब्द आपणच लिहून टाकावेत.