छातीतला पू आणि दिवसांचा हिशेब

१९१७-१८च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या लष्करी छावण्यांमध्ये गोवराची साथ आली. पहिल्या महायुद्धासाठी भरती झालेली तरुण मुलं ती. गोवरामागून न्यूमोनिया आला आणि न्यूमोनियामागून छातीत पू झाला. उपचार ठरलेला होता: बरगडीचा तुकडा काढायचा, छाती उघडायची आणि पू वाहू द्यायचा. पू दिसला की वाट करून द्यावी, हे वैद्यकाला हिपोक्रेटिसच्या काळापासून माहीत होतं. तरीही या छावण्यांत सरासरी ३० टक्के रुग्ण दगावत होते, आणि काही छावण्यांत त्याहून कितीतरी जास्त.

लष्कराने चौकशीसाठी ‘एम्पायमा कमिशन’ नेमलं. छातीत साठलेल्या पुवाला वैद्यकात एम्पायमा म्हणतात. व्हर्जिनियातल्या कॅम्प ली इथे काम करताना एव्हार्ट्स ग्रॅहम आणि रिचर्ड बेल या दोन डॉक्टरांच्या लक्षात आलं, की शस्त्रक्रिया चुकीची नाही, तिची वेळ चुकते आहे. न्यूमोनिया ऐन भरात असताना छातीतलं द्रव पातळ असतं आणि फुप्फुस छातीच्या भिंतीला कुठेच चिकटलेलं नसतं. अशा वेळी छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते, फुप्फुस मिटतं, आणि आधीच धापा टाकणारा रुग्ण गुदमरतो. त्यांनी सुचवलेला क्रम असा होता: सुरुवातीला सुईने द्रव काढत राहायचं, हवा आत जाऊ द्यायची नाही, रुग्णाला भरपूर खायला घालायचं, आणि पू घट्ट होऊन फुप्फुस चिकटल्यावर मगच छाती उघडायची. मृत्यूंचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आलं. तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता.

आज प्रतिजैविकं आहेत, सोनोग्राफी आहे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. पण हा आजार कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न आजही पहिलाच विचारावा लागतो.

फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. एक फुप्फुसाला लपेटलेला, दुसरा छातीच्या भिंतीला आतून लागलेला. दोहोंमध्ये चमचा-दोन चमचे द्रव असतं, त्यामुळे श्वास घेताना ते एकमेकांवर सहज सरकतात. न्यूमोनियाने फुप्फुस सुजलं की या जागेत पाणी झिरपू लागतं. पहिल्या काही दिवसांत ते स्वच्छ, पिवळसर असतं आणि त्यात जंतू नसतात. न्यूमोनियावरच्या औषधांनीच ते जिरतं. ‘छातीत पाणी झालंय’ असं ऐकून घरचे घाबरतात, पण न्यूमोनियाच्या बहुतेक रुग्णांत गोष्ट इथेच संपते.

ती संपली नाही, तर जंतू पाण्यात उतरतात आणि दुसरा टप्पा सुरू होतो. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी आणि खुद्द जंतू त्या पाण्यातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. रक्त गोठताना जे धागे बनतात, तेच फायब्रिनचे धागे इथे तयार होतात. एकसंध पाण्याचे कोळ्याच्या जाळ्यासारखे कप्पे पडतात. हे साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी सुरू होतं, पण प्रत्येक शरीर हे वेळापत्रक पाळतंच असं नाही. तिसरा टप्पा दोन-तीन आठवड्यांनंतरचा. तेव्हा जाळ्यांच्या जागी चिवट तंतुमय थर बनतो आणि फुप्फुसावर जाड सालीसारखा बसतो. आतला पू काढला तरी फुप्फुस मग फुलत नाही.

हे टप्पे प्रत्यक्षात कसे ओळखायचे? समजा, सेहेचाळीस वर्षांचा एक ट्रकचालक आहे. मधुमेह आहे, दात किडलेले आहेत. ताप आणि खोकला आला, तिसऱ्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या. ताप किंचित उतरला आणि सहाव्या दिवशी पुन्हा १०२वर गेला. दीर्घ श्वास घेतला की उजव्या कुशीत कळ येते. योग्य प्रतिजैविक सुरू करून दोन-तीन दिवस झाले तरी ताप हटत नाही, ही पहिली खूण. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूचा खालचा कोपरा बुजलेला दिसला. सोनोग्राफीत द्रव दिसलं आणि त्यात तरंगणारे धागेही दिसले. सीटी स्कॅनमध्ये असे बारीक पडदे अनेकदा कळत नाहीत, सोनोग्राफीत ते स्वच्छ दिसतात.

आता सुईने पाणी काढून तपासायचं. सुईतून उघड पू आला किंवा घाण वास आला, तर आणखी आकड्यांची वाट पाहायची गरज नसते, नळी टाकायची. दुर्गंध म्हणजे बहुधा हवेविना वाढणारे जंतू, आणि ते किडलेल्या दातांतून उतरलेले असू शकतात. आपल्या रुग्णाचं पाणी मात्र नुसतंच गढूळ होतं. अशा वेळी निर्णय पीएचवर होतो. निरोगी पाण्याचा पीएच ७.६च्या आसपास असतो. तो ७.२च्या खाली गेला, तर हे पाणी केवळ औषधांनी जिरण्यातलं नाही, असं समजायचं. आपल्या रुग्णाचा पीएच ७.०८ आला आणि साखर २८. पीएच मोजायची सोय नसेल तिथे साखरेवर भिस्त ठेवतात. ती ६०च्या खाली असेल तर अर्थ तोच.

हा आकडा चुकतोही सहज. नमुना हवा न शिरलेल्या, हेपरिन लावलेल्या सिरिंजमध्येच घ्यावा लागतो आणि रक्तातले वायू मोजणाऱ्या यंत्रातच लगेच तपासावा लागतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पीएच खोटा वाढतो, आणि नळी लागणाऱ्या रुग्णाला नळी पडत नाही. त्वचा बधिर करणारं लिग्नोकेन त्याच सिरिंजमध्ये उरलं असेल तर पीएच खोटा घसरतो.

भारतात इथे आणखी एक वळण चुकू शकतं. छातीत पाणी म्हटलं की आधी क्षयरोगाचा विचार होतो, आणि तो व्हायलाही हवा. त्यासाठी पाण्यातलं एडीए तपासतात. पण एडीए साध्या जंतूंच्या पुवातही बरंच वाढतं. केवळ त्या एका आकड्यावर क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पू तसाच राहिला, तर महिन्याभराने फुप्फुसावर साल चढलेली असते. म्हणून पेशींची जात पाहावी लागते. क्षयाच्या पाण्यात बहुधा लिम्फोसाइट जास्त असतात, तर जंतूंच्या पुवात न्यूट्रोफिल. शंका उरली तर नमुना सीबीनॅट तपासणीला आणि कल्चरला पाठवतात. थोडं पाणी रक्ताच्या कल्चरच्या बाटलीतही घातलं, तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते.

ट्रकचालकाला सोनोग्राफीत जागा पाहून नळी टाकली. जाडजूड नळी हवीच असं नाही, १२ ते १४ फ्रेंच मापाची बारीक नळीही बहुतेकांना पुरते आणि दुखतं कमी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडवलेलं असतं. आतलं बाहेर येतं, बाहेरची हवा आत जात नाही. कॅम्प लीमध्ये जे साधायचं होतं, तेच ही बाटली साधते. पहिल्या दिवशी ६०० मिलिलीटर आलं, दुसऱ्या दिवशी १५०, तिसऱ्या दिवशी जेमतेम २०. घरच्यांना वाटलं, पू संपला.

ताप मात्र तसाच होता. नळीतून येणं थांबण्याची दोन कारणं असतात: आत काही उरलेलं नाही, किंवा नळी तुंबली आहे वा एकाच कप्प्यात अडकली आहे. बाटलीतल्या नळीतली पाण्याची पातळी श्वासाबरोबर वरखाली होत नसेल, तर नळी तुंबल्याचा संशय घ्यायचा आणि सलाइनने ती धुवायची. पुन्हा सोनोग्राफी केली, तर कप्पे तसेच भरलेले दिसले.

ही जाळी विरघळवण्याचे प्रयत्न जुने आहेत. ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत २००५ साली दिसलं, की नळीतून स्ट्रेप्टोकायनेज सोडल्याने मृत्यू किंवा शस्त्रक्रिया कमी होत नाहीत. कारण पू नुसत्या धाग्यांनी घट्ट होत नाही. मेलेल्या पेशींमधला डीएनएही त्याला चिकट करतो. पुढे २१० रुग्णांवर दोन औषधं एकत्र वापरून पाहिली: फायब्रिन विरघळवणारं अल्टेप्लेस आणि डीएनए तोडणारं डॉर्नेस. २०११ साली निकाल आला. दोन्ही मिळून दिली तर छाती जास्त साफ होते आणि शस्त्रक्रियेची गरज घटते, एकेकटं दिलं तर उपयोग नाही. मात्रा अल्टेप्लेसची १० मिलिग्रॅम आणि डॉर्नेसची ५, दिवसातून दोनदा, तीन दिवस. औषध सोडल्यावर नळी तासभर बंद ठेवतात. ही औषधं महाग आहेत आणि रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून सरसकट वापरत नाहीत. आपल्या रुग्णाला ती दिली आणि तीन दिवसांत आणखी ९०० मिलिलीटर बाहेर आलं. पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत ताप आणि सावली हलली नसती, तर शल्यविशारदाला बोलवावं लागलं असतं. दुसऱ्या टप्प्यात दुर्बिणीतून जाळी मोडता येतात. साल धरली असेल, तर ती सोलून काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

राहिला प्रतिजैविकांचा प्रश्न. कोणती द्यायची हे कल्चर ठरवतं. पण कल्चर अनेकदा कोरं येतं, म्हणून हवेविना जगणाऱ्या जंतूंवर चालणारं औषध सहसा सुरुवातीपासूनच असतं. जेंटामायसिनच्या गटातली औषधं टाळतात, कारण आम्लधर्मी पुवात ती निष्प्रभ होतात. ताप उतरला, पू नीट निघाला, रुग्ण जेवू लागला, की शिरेतून औषध थांबवून गोळ्या देतात.

एकूण किती दिवस? मार्गदर्शक सूचना दोन ते सहा आठवडे म्हणतात, आणि हा पल्ला मोठा आहे कारण पुरावा थोडा आहे. स्पेनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नळीने पाणी नीट निघून प्रकृती स्थिरावलेल्या रुग्णांना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट दोन आठवडे पुरलं, तिसऱ्या आठवड्याने फरक पडला नाही. पण रुग्ण होते अवघे ५५. म्हणून व्यवहारात अनेक डॉक्टर तीन-चार आठवड्यांचा कोर्स देतात आणि दिवस मोजायला सुरुवात करतात ती पू नीट निघाला त्या दिवसापासून. पुवाचा कप्पा आत भरलेला असताना घेतलेल्या गोळ्यांचे दिवस या हिशेबात धरत नाहीत. कोर्स थांबवताना ताप, भूक, वजन आणि रक्तातलं सीआरपी पाहतात.

एक्स-रे मात्र या निर्णयाला फसवतो. ट्रकचालक चौथ्या आठवड्यात तपासणीला आला तेव्हा ताप नव्हता, सीआरपी जवळपास सामान्य होतं आणि वजन दोन किलो वाढलं होतं. एक्स-रेवर उजवीकडे पांढरी कड तशीच होती. ती जाड झालेल्या पडद्याची खूण होती, आणि असा पडदा आवरायला काही महिने घेतो. गोळ्या बंद झाल्या. दंतवैद्याने दोन दाढा काढल्या. तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा कोपऱ्यात एक बारीक रेघ उरली होती, आणि तोवर तो ट्रकवर परतलाही होता.